तूप, लोणी आणि तेल यांची वजनी अदलाबदल

तूप, लोणी आणि तेल यांची वजनी अदलाबदल म्हणजे एखाद्या पाककृतीत सांगितलेल्या स्निग्ध पदार्थाच्या जागी दुसरा स्निग्ध पदार्थ वापरताना त्याचे योग्य वजन ठरवण्याची रीत होय. हे तिन्ही पदार्थ स्वयंपाकघरात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तथापि सारख्या वजनाच्या तुपात, बटरात आणि तेलात स्निग्धांश सारखा नसतो. तूप आणि तेल जवळजवळ पूर्णपणे स्निग्धांशाचे असतात. लोण्यात व बटरात मात्र पाणी, दुधातील घन पदार्थ आणि काही वेळा मीठही असते. भाजण्याच्या पदार्थांत, म्हणजे केक, बिस्किटे, नानखटाई इत्यादींत, हा फरक थेट परिणाम करतो. तळणात तो वेगळ्या प्रकारे प्रकट होतो.

मराठीत ‘लोणी’ हा शब्द घरी ताक घुसळून काढलेल्या पांढऱ्या लोण्यासाठी, तसेच दुकानात वडीच्या रूपात मिळणाऱ्या पिवळसर पदार्थासाठीही वापरला जातो. हे दोन पदार्थ गणिताच्या दृष्टीने वेगळे असल्याने या लेखात पहिल्याला लोणी आणि दुसऱ्याला बटर म्हटले आहे.

घटकांचे प्रमाण

भारतात विकल्या जाणाऱ्या बटरात किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश असावा आणि पाण्याचे प्रमाण १६ टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. उरलेल्या सुमारे ४ टक्क्यांत दुधातील प्रथिने, थोडी दुग्धशर्करा आणि खारवलेल्या बटरात मीठ येते. युरोपीय पद्धतीच्या बटरात स्निग्धांश ८२ टक्के किंवा त्याहून किंचित अधिक असतो. तुपात पाण्याचा अंश अर्ध्या टक्क्याहून अधिक नसतो. तेलात पाणी जवळपास नसतेच.

यावरून अदलाबदलीचे मूळ सूत्र मिळते. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप किंवा तेल आणि १६ ग्रॅम पाणी घ्यावे. उलट दिशेने जाताना १०० ग्रॅम तुपाच्या जागी १२५ ग्रॅम बटर घ्यावे आणि कृतीतील इतर पातळ पदार्थातून २० ग्रॅम पाणी वजा करावे. तूप आणि तेल यांची एकमेकांशी अदलाबदल वजनास वजन अशीच होते.

हे सूत्र सोपे असले तरी त्याच्या दोन दिशा सारख्या सोप्या नाहीत. बटरऐवजी तूप वापरताना पाणी बाहेरून घालता येते, त्यामुळे हिशेब नेहमी पुरा होतो. तुपाऐवजी बटर वापरताना मात्र बटरसोबत आलेले पाणी कोठून तरी कमी करावे लागते. कृतीत दूध, दही, अंडे किंवा पाणी नसेल, तर वजा करायला काहीच उरत नाही. पुढे दिलेल्या नानखटाईच्या उदाहरणात हीच अडचण येते.

घरच्या लोण्याचा हिशेब

घरी काढलेल्या लोण्याला वरील सूत्र लागू पडत नाही. त्यातील पाण्याचे प्रमाण लोणी किती वेळा धुतले, किती पिळले आणि किती वेळ निथळत ठेवले यांवर अवलंबून असते. ते १६ टक्क्यांहून बरेच अधिक असू शकते. ताकाचा अंश राहिला असेल तर आंबटपणाही येतो.

मात्र हे प्रमाण मोजण्याचे साधन प्रत्येक घरात आहे. तूप कढवणे ही क्रियाच मुळात लोण्यातील पाणी आणि घन पदार्थ वेगळे करण्याची आहे. रिकाम्या पातेल्याचे वजन करून त्यात लोणी तोलून घ्यावे. मंद आचेवर कढवताना आरंभी जो फेस व तडतड होते ती पाणी निघून जात असल्याची खूण असते. तडतड थांबली, तूप पारदर्शक झाले आणि तळाशी बदामी रंगाची बेरी बसली की पाणी संपले असे समजावे. मग तूप गाळून तोलावे आणि बेरीही तोलावी.

समजा, ५०० ग्रॅम लोण्यापासून ३६५ ग्रॅम तूप आणि २० ग्रॅम बेरी मिळाली. उरलेले ११५ ग्रॅम हे उडून गेलेले पाणी होय. म्हणजे या लोण्यात स्निग्धांश ७३ टक्के आणि पाणी २३ टक्के होते. बेरीला थोडे तूप चिकटून राहत असल्याने स्निग्धांशाचा आकडा प्रत्यक्षाहून किंचित कमी येतो, परंतु घरगुती हिशेबाला तो पुरेसा आहे. त्याच पद्धतीने काढलेल्या लोण्यासाठी हा आकडा पुढेही वापरता येतो. धुण्याची किंवा निथळण्याची रीत बदलली तर मात्र पुन्हा मोजावे लागते.

वाटी आणि वजन

मराठी घरांतील बहुतेक पाककृती वाटीच्या मापात सांगितल्या जातात. तूप आणि तेल दोन्ही पातळ असताना वाटीचे माप फारसे दगा देत नाही. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते आणि एक लिटर पातळ तूप सुमारे ९०५ ग्रॅम. हे आकडे डब्यांवर व पिशव्यांवर छापलेलेही असतात. गोंधळ होतो तो थिजलेल्या तुपाच्या बाबतीत. रवाळ तूप वाटीत सैल भरले तर त्यात हवेच्या पोकळ्या राहतात आणि दाबून भरले तर तीच वाटी जड होते. फेसलेल्या तुपाची वाटी त्याहूनही हलकी असते. ‘एक वाटी तूप’ असे लिहिलेल्या कृतीत ते पातळ की थिजलेले याचा उल्लेख बहुधा नसतो. अशा वेळी तूप पातळ करून एकदा मापावे, त्याचे वजन टिपून ठेवावे आणि पुढे वजनच वापरावे हे बरे.

बटरऐवजी तूप : केकचे उदाहरण

मैदा, साखर, बटर आणि अंडी हे चारही घटक समान वजनाने घेऊन केलेला साधा केक हिशेबाला सोयीचा आहे. समजा, प्रत्येक घटक २०० ग्रॅम आहे. अंडी साधारण चार लागतात. २०० ग्रॅम बटरात १६० ग्रॅम स्निग्धांश, ३२ ग्रॅम पाणी आणि ८ ग्रॅम इतर घन पदार्थ असतात. बटर खारवलेले असेल तर या ८ ग्रॅमांपैकी सुमारे निम्मे मीठ असते.

यात बटरच्या जागी सरळ २०० ग्रॅम तूप घातल्यास केकमध्ये ४० ग्रॅम स्निग्धांश अधिक जातो आणि ३२ ग्रॅम पाणी कमी होते. असा केक भट्टीत फुगल्यासारखा दिसतो, पण बाहेर काढल्यावर मध्यभागी बसतो. खालच्या कागदावर तुपाचे डाग उमटतात, काप करताना तो भुगा होऊन सुटतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा व तुपकट असा दोन्ही लागतो. पाणी कमी पडल्याने मैद्यातील पिष्ट नीट शिजत नाही आणि अधिक स्निग्धांशाचा भार पेलण्याइतकी बांधणी तयार होत नाही, हे त्याचे कारण.

योग्य अदलाबदल अशी करावी. १६० ग्रॅम तूप घ्यावे. पाण्याच्या जागी दूध वापरल्यास गेलेले घन पदार्थही काही प्रमाणात भरून निघतात. दुधात पाणी सुमारे ८७ टक्के असते, म्हणून ३२ ग्रॅम पाण्यासाठी ३७ ग्रॅम दूध लागते. मूळ बटर खारे असेल तर चिमूटभर मीठ घालावे. हे दूध तुपात मिसळून फेसू नये. तूप आणि साखर आधी फेसून, अंडी घालून झाल्यावर मैद्यासोबत थोडे थोडे घालावे.

एक गोष्ट वजनाने भरून निघत नाही. बटर मऊ असताना साखरेचे कण त्यात असंख्य सूक्ष्म हवेचे बुडबुडे अडकवतात आणि भट्टीत हेच बुडबुडे केक वर उचलतात. तूपही थिजलेले असताना फेसता येते, पण पातळ तूप हवा धरत नाही. कोकणात किंवा उन्हाळ्यात इतरत्र तूप पातळच राहते. अशा वेळी तुपाचे भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून तूप लोण्यासारखे घट्ट होईपर्यंत ढवळावे आणि मग फेसावे. फ्रिजमध्ये ठेवून दगडासारखे घट्ट केलेले तूपही उपयोगी नाही, कारण ते फुटते, फेसले जात नाही. तूप पांढरेशुभ्र व हलके झाले, त्याचा थेंब पाण्यात टाकल्यास तरंगत राहिला, की ते पुरेसे फेसले गेले असे परंपरेने मानतात. स्निग्ध पदार्थ न फेसताही पाण्यावर तरंगतोच. त्यामुळे तरंगण्यापेक्षा थेंब न पसरता गोळा राहतो की नाही ते पाहणे अधिक विश्वसनीय आहे.

तुपाऐवजी बटर

शंकरपाळ्यांत तूप, दूध आणि साखर समप्रमाणात घेऊन त्यात मावेल तेवढा मैदा भिजवण्याची रीत प्रचलित आहे. तिघे १२० ग्रॅम असतील आणि तुपाऐवजी बटर वापरायचे असेल, तर स्निग्धांश कायम ठेवण्यासाठी १५० ग्रॅम बटर लागते. त्यातून २४ ग्रॅम पाणी येते. म्हणून दूध १२० ऐवजी सुमारे ९२ ग्रॅम घ्यावे. येथे वजा करायला दूध असल्याने हिशेब जमतो. खाऱ्या बटरातून तीनेक ग्रॅम मीठ येते आणि गोड शंकरपाळ्यांत ते जाणवते, म्हणून बिनमिठाचे बटर घ्यावे.

नानखटाईचे तसे नाही. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि १२० ग्रॅम तूप या साध्या प्रमाणात पातळ पदार्थ कोणताच नाही. तिचा खुसखुशीतपणा याच अभावावर उभा आहे. पाणी नसल्याने मैद्यातील चिकट प्रथिनांचे जाळे तयार होत नाही आणि साखर विरघळत नाही. तुपाऐवजी १५० ग्रॅम बटर घातले तर स्निग्धांश बरोबर बसतो, पण २०० ग्रॅम पिठावर २४ ग्रॅम पाणी येऊन पडते. गोळा हाताला अधिक चांगला लागतो, वळतानाही फुटत नाही, आणि येथेच फसगत होते. भट्टीत विरघळलेल्या साखरेचा पाक होऊन नानखटाई पसरते आणि गार झाल्यावर कडक होते. बटर वजनास वजन, म्हणजे १२० ग्रॅम घेतले तरी १९ ग्रॅम पाणी येतेच, शिवाय स्निग्धांश ९६ ग्रॅमांवर उतरतो. अशी नानखटाई पसरत कमी असली तरी दाताला बिस्किटासारखी लागते. काहींना ती आवडते, परंतु तिला नानखटाई म्हणणे अवघड आहे.

अशा कृतीत बटर वापरायचेच असेल तर ते आधी कढवावे. १२० ग्रॅम तुपासाठी १६० ग्रॅमांच्या आसपास बटर घ्यावे, कारण बेरीसोबत थोडे तूप जाते. गाळून, थिजवून, मग फेसावे. बेरी न करपता बदामी झाली असेल तर तीही पिठात चुरून घालता येते आणि तिची चव चांगली लागते. बटर खारे असेल तर मीठ बेरीत उतरते, म्हणून तेव्हा ती वगळावी.

पुण्यात प्रसिद्ध असलेली श्रूजबेरी बिस्किटे मुळात बटरचीच आहेत. त्यांच्या कृतीत बटरमधील पाणी गृहीत धरलेले असते, त्यामुळे त्यांत तूप वापरताना वर सांगितलेल्या केकप्रमाणे हिशेब करावा लागतो. नानखटाई आणि ही बिस्किटे दिसायला जवळची असली तरी एकीचे प्रमाण दुसरीला लावू नये.

तेलाचा वापर

तेल आणि तूप यांचा स्निग्धांश सारखा असल्याने वजनाचा प्रश्न येत नाही. प्रश्न घट्टपणाचा येतो. दुग्धस्निग्धांश सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतो आणि त्याखाली कमी-अधिक घट्ट असतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल भारतीय हवेत पातळच राहते. म्हणून फेसून हवा भरण्याचे काम तेल करू शकत नाही.

वरील केकमध्ये बटरऐवजी तेल वापरताना १६० ग्रॅम तेल आणि ३७ ग्रॅम दूध घ्यावे, पण कृतीचा क्रम बदलावा. अंडी व साखर एकत्र करून ती फिकट आणि दाट होईपर्यंत फेसावीत, मग तेल बारीक धारेने घालावे आणि शेवटी मैदा हलक्या हाताने मिसळावा. येथे हवा अंड्यांत भरली जाते. बटरच्या केकचा क्रम तसाच ठेवून फक्त तेल घातल्यास केक दडस होतो, आणि दोष तेलाच्या वजनात शोधला जातो. तेलाचा केक फ्रिजमधून काढल्यावरही मऊ राहतो, तर बटरचा व तुपाचा केक गारठ्यात घट्ट होतो. हा तेलाचा खरा लाभ आहे.

नानखटाईत तुपाच्या जागी पूर्ण तेल घातल्यास गोळा सैल पडतो आणि हाताला तेल सुटते. भाजताना ती ठसठशीत न राहता चपटी होते. तुपाच्या चौथ्या हिश्श्याइतके तेल मात्र सहसा खपून जाते. चिरोट्यांच्या साट्यात तेवढेही चालत नाही. साटा म्हणजे फेसलेले तूप आणि तांदळाची पिठी यांचे मिश्रण. ते दोन पोळ्यांच्या मध्ये घट्ट थर म्हणून राहिले तरच पापुद्रे सुटतात. तेलाचा साटा लाटताना बाहेर येतो आणि पोळीत मुरतो, त्यामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटतात.

मोहन

तळणीच्या पिठात घातल्या जाणाऱ्या स्निग्ध पदार्थाला मोहन म्हणतात. त्याचे वजन तळण्याच्या तेलाच्या वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. ५०० ग्रॅम चकलीच्या भाजणीला सुमारे ५० ग्रॅम तेलाचे मोहन पुरते. मोहन कमी पडले तर चकली कडक होते. अधिक झाले तर ती कढईत विरघळते, म्हणजे तिचे वेढे सुटून तेलात कणी पसरते, आणि तेलही फेसाळते. तेलाऐवजी तुपाचे मोहन तेवढ्याच वजनाचे घ्यावे. बटरचे घ्यायचे झाल्यास सुमारे ६२ ग्रॅम लागते आणि पीठ भिजवण्याच्या पाण्यातून १० ग्रॅम कमी करावे लागते. चकलीच्या पिठाला पाणी पुष्कळ लागत असल्याने हे १० ग्रॅम न मोजताही निभावते.

फरक पडतो तो तापवण्यात. तेल व तूप कडकडीत तापवून पिठावर ओतता येते. बटर तसे तापवू गेल्यास आधी त्यातील पाणी उकळते आणि मग बेरी करपते. म्हणून बटर केवळ मऊ करून पिठाला चोळावे. मोहन कोणतेही असो, चोळल्यानंतर पिठाची मूठ वळून पाहावी. मूठ वळली आणि बोटाने दाबताच मोडली तर प्रमाण बरोबर आहे. मूठ वळतच नसेल तर मोहन कमी आहे. दाबूनही मोडत नसेल तर ते अधिक झाले आहे, आणि तेव्हा थोडे कोरडे पीठ घालणे हाच उपाय उरतो.

तळण्याचे माध्यम

कढईतील तूप किंवा तेल यांची अदलाबदल वजनाने किंवा मापाने कशीही केली तरी फरक नगण्य आहे. तेथे निर्णायक ठरते ते तापमान. बहुतेक तळण १६० ते १९० अंश सेल्सिअसला होते. शुद्ध केलेले शेंगदाणा वा सूर्यफूल तेल आणि चांगले कढवलेले तूप या तापमानाला धुरावत नाही. बटर मात्र सुमारे १५० अंशांपासून धुरावू लागते, कारण त्यातील दुधाचे घन पदार्थ करपतात. पदार्थावर काळे ठिपके दिसणे आणि कडवट वास येणे ही त्याची खूण होय.

कढईभर बटर तापवणे धोक्याचेही आहे. ५०० ग्रॅम बटरात ८० ग्रॅम पाणी असते. ते स्निग्धांशाच्या खालून उकळू लागले की फेस वर चढतो आणि कढई अर्ध्याहून अधिक भरलेली असल्यास तो काठावरून आचेवर सांडतो. तूप कढवताना मोठे पातेले घेण्याची आणि आच मंद ठेवण्याची जुनी शिस्त याच कारणाने आहे. कच्चे कढवलेले, म्हणजे पाणी पुरते न गेलेले तूप तळणीला घेतल्यास तेही तडतडते.

बटरमध्ये थोडे तेल घातले की ते करपत नाही, असा समज आढळतो. तेल घातल्याने घन पदार्थ करपण्याचे तापमान वाढत नाही. ते अधिक स्निग्धांशात विखुरले जातात आणि त्यामुळे कमी नजरेस येतात, इतकेच. तव्यावर बटरची चव हवी असेल तर पदार्थ तेलावर वा तुपावर भाजून शेवटी बटर लावावे.

अनारसे परंपरेने तुपात तळतात. ते कढईत विरघळले, म्हणजे ‘हसले’, तर अनेकदा तुपाला किंवा त्याऐवजी घेतलेल्या तेलाला दोष दिला जातो. बहुतेक वेळा कारण पिठातील गुळाच्या किंवा साखरेच्या अधिक प्रमाणात असते, आणि माध्यम बदलून हा दोष जात नाही. तूप व तेल यांतील खरा फरक तळण गार झाल्यावर कळतो. तुपात तळलेला पदार्थ थंडीच्या दिवसांत डब्यात ठेवल्यास त्यावर तुपाचा पांढरट थर थिजतो आणि तो टाळ्याला चिकटतो. म्हणूनच फराळाचे जे पदार्थ गारच खायचे, उदाहरणार्थ चकली आणि शेव, ते तेलात तळण्याची रूढी आहे. जिलेबीसारखे गरम खाल्ले जाणारे पदार्थ तुपात तळले तरी ही अडचण येत नाही.